तीन ‘तत्रैव’

पीएच.डी.चा प्रबंध मी तळटिपा देऊन लिहिला होता. पहिल्या टिपेत पुस्तकाची पूर्ण नोंद, आणि लगेच पुढे तेच पुस्तक आलं की नुसतं ‘तत्रैव’ आणि पान. शेवटी मार्गदर्शक म्हणाले, लेखक-वर्ष पद्धत हवी. मजकुरातच कंसात आडनाव, साल, पान. मी चिडले, आणि चिडूनच सगळं एका बैठकीत बदललं.

त्याआधी मी एक परिच्छेद कापला होता. देवरीच्या एका निवृत्त गुरुजींच्या पुस्तकाची पूर्ण टीप त्याच्याबरोबर गेली. खालचे तीन ‘तत्रैव’ त्याच्या आधीच्या पुस्तकाला चिकटले, आणि मी तिन्ही कंसांत त्या भलत्याच लेखकाचं आडनाव घातलं. मजकुरात गुरुजी उरलेच नाहीत, म्हणून संदर्भसूचीतूनही काढले. नियमच तसा आहे.

पदवी मिळाल्यावर प्रबंध घेऊन मी मिरवत त्यांच्या घरी गेले. त्यांनी आधी सूचीच उघडली. आपल्या आडनावाच्या अक्षरावर बोट फिरवलं. मग मजकुरात स्वतःचं वाक्य वाचलं, आणि पुढचा कंस.

“माहं नाव काऊन नाही जी, मॅडम?”

“पद्धत बदलली ना सर, त्यात राहून गेलं.”

“पद्धत बदलली. पण पुस्तक तर अजून तुमच्याच घरी हाये न?”

होतं. फुलचूरला, माझ्या टेबलावर. त्यांच्याजवळची शेवटची प्रत.