साहेबांच्या सहीची हद्द

माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकते. शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात हिशेब-वित्त विभागाची मी प्रमुख. माझ्या केबिनकडे येताना लोक आधी शिपायाला विचारतात, "मॅडमचा मूड कसाय?" मला ते ऐकू येतं. वाईट वाटत नाही. ज्या खुर्चीचं कामच नाही म्हणणं आहे, तिथं गोड माणूस बसवून चालत नाही.

आमचे साहेब गंगापूरकडचे. शेतकरी घरातले. भाड्याच्या गाळ्यात दोन प्रेस मशीन टाकून त्यांनी गाड्यांचे सुटे भाग करायला सुरुवात केली, आणि आज करमाडकडे जाताना उजव्या हाताला जो निळा पत्रा दिसतो, तो आमचा. मी आले तेव्हा मंजुरी म्हणजे काय, तर सकाळी साहेब चहाचा ग्लास हातात घेऊन मशीनवरून फिरायचे, कुणीतरी शेजारून चालता चालता विचारायचं, आणि साहेब "घ्या" म्हणायचे. मशीनचा पाच हजारांचा पट्टा असो की पाच लाखांची मोटर, "घ्या." कागद मागाहून माझ्याकडे यायचा. मी चिडायचे, कागद फाइलला लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा.

कारखाना वाढला तसं हे झेपेना. मग मी भांडून भांडून अधिकारांचा तक्ता करून घेतला. कोणी मागायचं, कोणी तपासायचं, किती रकमेपर्यंत कोणी मंजूर करायचं. विभागप्रमुख पन्नास हजारांपर्यंत, कारखान्याचे मॅनेजर पाच लाखांपर्यंत, साहेब पन्नास लाखांपर्यंत, त्यावर संचालक मंडळ. रक्कम कर धरून मोजायची. जो मंजूर करतो त्यानं पैसे सोडायचे नाहीत. खाली भांडणांचे नियम. दोन प्रमुखांचं जुळलं नाही तर दोघांनी आपापलं म्हणणं लिहून एक पायरी वर पाठवायचं. कामात कुणाचं नातं असेल तर त्यानं स्वतःहून सांगायचं, बाजूला व्हायचं, आणि निर्णय त्याच्या वरच्या पायरीनं घ्यायचा. साहेबांनी सगळं वाचलं, दोन ठिकाणी शंका विचारल्या आणि सही केली. मंडळानंही मंजूर केला. मी त्या दिवशी औरंगपुऱ्यातून पेढे घेऊन घरी गेले होते. घरच्यांना वाटलं, पगार वाढला.

वर्षभरानं पॅकिंगसाठी नवी शेड बांधायचं निघालं. एका दुपारी मॅनेजरांकडून आलेले मंजुरीचे कागद मी चाळत होते. पायाभरणी, लोखंडी सांगाडा, पत्रे, वायरिंग. चार वेगळ्या ऑर्डरी, प्रत्येक पाच लाखांच्या आत, प्रत्येकीवर मॅनेजरांची सही. आणि चारही कामं एकाच ठेकेदाराला. ठेकेदार कोण, तर साहेबांचे जावई.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मॅनेजरांना बोलावून घेतलं. माणूस सज्जन, करमाडचाच, साहेबांवर जीव टाकणारा.

"एका शेडचे चार तुकडे का केले?" मी विचारलं.

"मॅडम, तुमाला खरं सांगू का?" ते खुर्चीच्या टोकावर बसले. "अठरा लाखांचं एक काम केलं, तर कागद साहेबांकडं जातो. जावयाच्या कामावर सासऱ्यानं सही करायची, लोक नावं ठेवतेत. म्हणून म्या माझ्या अंगावर घेतलं. साहेबांना इचारलंबी नाय. म्हटलं, त्यांना कशाला अवघडायचं?"

मला हसावं की रडावं कळेना. या माणसानं एक रुपया खाल्ला नव्हता. साहेबांची लाज राखायला निघाला होता, आणि तेच करताना आमचा तक्ता मोडून बसला होता. मी म्हटलं, एका कामाची रक्कम एकच धरायची, तुकडे चालत नाहीत. ते म्हणाले, पाया वेगळा, वायरिंग वेगळं. मी मानेना, ते मानेनात. म्हणजे दोन प्रमुखांचा मतभेद. तो एक पायरी वर जाणार, साहेबांकडे. पण नातं साहेबांचंच. म्हणजे कागद साहेबांना ओलांडून मंडळाकडे जाणार. आणि पाठवणार मी.

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. नोकरी जाईल म्हणून कमी. साहेबांनी मला वीस वर्षं मान दिला, ते आता नजर फिरवतील म्हणून जास्त. कागद पाठवण्याआधी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं उभ्यानंच सांगितलं.

साहेबांचा आवाज चढला. "ताई, माझ्या कारखान्यात मलाच इचारायचं नाय? पोरगा हुशार हाये, काम चांगलं करतो. लेकीला शब्द देऊन बसलोय म्या!"

"तुमचा शब्द मला माहीत नव्हता साहेब," मी म्हटलं. "तक्त्यावरची तुमची सही माहीत होती."

माझाही आवाज चढला होता. ते खिडकीकडे वळले. मी निघाले. चारही ऑर्डरी थांबवल्या आणि एका शेडचा एकच प्रस्ताव करून मंडळाकडे पाठवला. नियमाप्रमाणे आणखी दोन ठेकेदारांचे दर मागवले. मॅनेजरांनी आपलं म्हणणं लिहून जोडलं, मी माझं. पुढचे काही दिवस साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला ते फार लागलं.

मंडळाच्या बैठकीला साहेबांखेरीज दोन संचालक, एक त्यांचे सुरुवातीपासूनचे भागीदार मित्र, दुसरे बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. शेडचा विषय आला. मी घसा साफ केला, पण मला बोलावंच लागलं नाही. साहेब उठले. "ठेकेदारांपैकी एक माझा जावई हाये," ते म्हणाले. "तेवढं लिहून घ्या. म्या भाईर बसतो." आणि दार ओढून घेऊन खरंच गेले. काचेतून दिसत होतं, माल विकायला आलेले लोक जिथं ताटकळतात, त्या बाकावर ते बसले. शेजारी एक रंगाचा विक्रेता होता. त्यानं त्यांना ओळखलं नाही, जरा सरकून जागा दिली.

मला भरून आलं. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्या यशाचा वाटलेला नाही.

आत भागीदारांचा कल आधी जावयाकडे होता. मग तिन्ही दर शेजारी शेजारी ठेवले. जालना रोडच्या ठेकेदाराचा दर कमी होता आणि गळतीची हमी जास्त वर्षांची. दोघांचं एकमत झालं. काम त्याला. तुकडे पाडण्यावर मॅनेजरांना समज द्यायची असंही ठरलं. त्यांना आत बोलावलं, आणि ती त्यांनी मान खाली घालून ऐकली.

निर्णय सांगायला मी बाहेर गेले. साहेबांनी ऐकलं, नुसती मान हलवली आणि तिथंच बसून लेकीला फोन लावला.

"नाय झालं गं," ते म्हणाले. पलीकडून ती बरंच बोलली. त्यांचा चेहरा उतरला. तरी आवाज शांत होता. "नाय, कुणी अडवलं नाय मला. म्या तिथं नव्हतोच. भाईर बसलो होतो." पुन्हा तिचं काहीतरी. मग ते जरा ताठ बसले, माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाले, "कारखाना मोठा झाला बाळा. आता त्याला तुझ्या बापाचा नुसता होकार पुरत नाय."