'म्हणून' लिहायचं नाही

माझी नात नर्स आहे. परदेशात नोकरीसाठी ती इंग्रजीची परीक्षा देते. मागच्या वेळी लेखनात मार्क कमी पडले, कारण तिनं प्रश्नात दिलेल्या आलेखाचा एक सारांश लिहिला आणि तक्त्याचा दुसरा. लिहायचा होता दोन्हींचा मिळून एकच.

परवा ओट्यावर बसून ती सराव करत होती. आलेखात दुधाचा खप वर्षागणिक उतरलेला. तक्त्यात त्याच वर्षांतले दुधाचे भाव, चढत गेलेले.

"सोपं हाय की," मी म्हणालो. "दूध महागलं म्हणून खप घटला."

"आबा, 'म्हणून' कुठं दिसलं तुमाला? भाव चढले, त्याच काळात खप घटला, एवढंच कागदावर हाय. कारण पदरचं घालायचं न्हाई."

जन्मभर डेअरीला दूध घातलं मी, पण एवढी अक्कल मला नव्हती. पोरीनं एका वाक्यात आलेख आणि तक्ता दोन्ही बसवले.

बायको गेल्यापासून मी एकच घोकत होतो : दवाखान्यात उशिरा नेली म्हणून ती गेली. डॉक्टर तसं कधीच बोलले नव्हते. तो 'म्हणून' माझ्या पदरचा.

आता मी एवढंच म्हणतो : उशिरा नेली. ती गेली.