एकतिसाव्या खाचेतली स्लाइड

ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानात मी सुरतेत सात वर्षं नोकरी केली. दुकान पर्वत पाटियाजवळ, साड्यांच्या गठ्ठ्यांच्या गर्दीत. तिथे नळ्या कोण घेणार, असं कुणालाही वाटेल. पण शेठ हुशार होता. बमरोली-पांडेसरात मागावर राबणाऱ्या खान्देशी माणसांची गावाकडे एक-दोन एकर केळी असायची. शेत भाऊ बघायचा आणि पैसा सुरतेतून जायचा. म्हणून शेठ म्हणायचा, "जिथे पैसा, तिथे फोटो दाखव."

फोटो म्हणजे स्लाइड. प्रोजेक्टरवर एक गोल ट्रे बसायचा, त्याला ऐंशी खाचा. बटण दाबलं की ट्रे एक घर सरकायचा, खटकन आवाज व्हायचा आणि नवीन चित्र भिंतीवर यायचं. माझ्या चाळीस स्लाइड होत्या. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की एखाद्या रिकाम्या शेडमध्ये खिडक्यांना कापड लावून मी अंधार करायचो आणि समोर न छापलेलं ग्रे कापड ताणायचो. वास तेलाचा, आणि बसायला जुने तागे.

बोलणं पाठ झालं होतं. पाच बाय पाच फुटांवर केळी, एकराला तेरा-चौदा हजार खर्च. निम्मं अनुदान मिळतं, पण आधी आपल्या खिशातून घालायचं, ते मागून येतं, आणि मागून म्हणजे किती मागून ते विचारू नका. मग कामाचा क्रम. विहिरीवर मोटर, मोटरीपुढे फिल्टर, मग जमिनीत गाडलेली मोठी नळी, तिच्यावरून ओळीओळीने बारीक नळ्या. प्रत्येक झाडाला दोन तोट्या. टोकं बंद करायच्या आधी पाणी सोडून आतला कचरा धुऊन काढायचा. मग एका तोटीखाली पेला धरायचा आणि घड्याळ लावून तो किती वेळात भरतो ते बघायचं. पहिल्या झाडाचा आणि शेवटच्या झाडाचा पेला सारख्याच वेळात भरला पाहिजे. सगळं मी सुरात म्हणायचो. मनात काही नसायचं.

एकतीस आणि बत्तीस या दोन स्लाइडवर लोक उठायचे. एकतीसवर वाळूचा फिल्टर होता, उघड्या विहिरीतलं शेवाळ अडवणारा. पुढे जाळीचा फिल्टर. दोन्हींच्या मध्ये एक माणूस झडपा फिरवून उलटं पाणी सोडतोय आणि हिरवा चिखल बाहेर पडतोय. खाली ओळ होती: विहिरीला शेवाळ असेल तर वाळूचा फिल्टर हवाच, आणि धुणं रोज. बत्तीसवर पाण्याची खरी गोष्ट. सगळं नीट राखलं तर दहा तासांच्या मोटरीचं काम सहा तासांत भागतं. तुंबलं तर काहीच वाचत नाही. दुकानाच्या पाटीवर मात्र सत्तर टक्के बचत लिहिलेली होती.

"रोज धुवायचं? मग पाटाचं पाणी काय वाईट?" असं म्हणून माणसं बिडी ओढायला बाहेर जायची आणि परत यायची नाहीत. एका रविवारी मी त्या दोन स्लाइड काढून डब्यात टाकल्या. त्या जागी केळीचा भलामोठा घड आणि नव्या मोटरसायकलवर बसलेला शेतकरी लावला. शेठने सांगितलं नव्हतं. ते माझंच डोकं. लोक शेवटपर्यंत बसू लागले आणि मला बरं वाटलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी एका शेडमध्ये मागच्या ताग्यावर माझे दाजी दिसले. मोठ्या बहिणीचे यजमान. बमरोलीत रात्रपाळीला माग चालवायचे. गावी दीड एकर केळी, धाकटा भाऊ बघायचा, आणि विहीर उन्हाळ्यात तळाला जायची. पाणी पुरलं तर एका पिकानंतर सुरत सोडायची, असं नवरा-बायकोने ठरवलं होतं. ताईने घरमालकाला तसं सांगूनही टाकलं होतं.

दाजी मला काही विचारणार नाहीत हे मला माहीत होतं. आमच्यात जावई मेहुण्याच्या दुकानात घासाघीस करत नाही, सवलत तर त्याहून नाही. ते कमीपणाचं. आणि दाजींना मीही शिकवायला जात नाही, कारण ते आगाऊपणाचं. ते पाहुण्यासारखे बसले, मी अनोळख्यासारखा बोललो. शेवटी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पानी इतलं वाचस का?"

"नीट केलं तर वाचतं," मी म्हणालो. नीट म्हणजे काय, ते डब्यात पडलं होतं.

त्यांनी माल आमच्याकडून घेतला नाही. तालुक्याच्या गावातल्या दुकानातून आणला आणि पडद्यावर पाहिलेलं जसंच्या तसं केलं. टोकं धुऊन मग बंद केली, पेला धरून घड्याळ लावलं. ताई कौतुकाने सांगत होती. फिल्टर मात्र एकच, जाळीचा, कारण दोन लागतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. चार महिने सगळं छान चाललं. मग ऊन चढलं, विहीर उतरली, शेवाळ दाटलं. जाळी तासातासाला तुंबू लागली. धाकट्या भावाने वैतागून जाळी काढूनच टाकली. आठवडाभर पाणी धो धो आलं, घरी सगळे खूश. मग तोट्या एकेक करून बंद झाल्या. घड लागलेली झाडं ऐन मे महिन्यात मोडून पडली.

ताईने मला हे सांगितलं तेव्हा ती ट्रंकेतली भांडी पुन्हा फळीवर मांडत होती. घरमालकाला निरोप गेला होता की आम्ही राहतोय. "स्वतःचंच चुकलं म्हणतात," ती म्हणाली. मी चहा प्यायलो. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. बोटं सुन्न पडतात तसं आतून झालं होतं. घरी जाऊन डबा उघडला आणि दोन्ही स्लाइड जागेवर लावल्या. घड काढला, मोटरसायकल काढली.

त्यानंतर लोक पुन्हा उठू लागले. शेठने दोनदा कारण विचारलं. मी म्हणालो, उकडतं.

पावसाळ्यात बमरोलीच्या शेडमध्ये दाजी पुन्हा आले. रात्रपाळी करून तसेच आले होते, केसांवर कापसाची धूळ. मी बोलत होतो, ट्रे फिरत होता. एकतिसावी खाच आली, हिरवा चिखल पडद्यावर आला. चौघे उठून गेले. दाजी मात्र ताग्यावरून उठून पडद्याजवळ आले आणि खालची ओळ बोट लावून वाचू लागले. त्यांच्या हाताची सावली फिल्टरवर पडली होती. मी बटण दाबलं नाही.

सगळे गेल्यावर मी कापड उतरवत होतो. त्यांनी दुसरं टोक धरलं.

"भाऊ, हाई चित्र तवय व्हतं का?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांनी ते मानलंही असतं.

"नही व्हतं, दाजी. मीच काढेल व्हतं."

कापडाची घडी आमच्या दोघांच्या हातात अर्धी राहिली.

"माले वाटनं, मना डोया लागना व्हता," ते म्हणाले.

तोट्या तुंबल्यापासून ते समजत होते की मी दोन फिल्टरचं सांगितलं तेव्हा रात्रपाळीच्या झोपेत त्यांची ती एक स्लाइड हुकली. ताईलाही तेच सांगितलं होतं, धाकट्या भावालाही. त्यांनी घडी पूर्ण केली, कापड माझ्या हातात दिलं आणि रात्री आठ वाजता पुन्हा पाळी आहे म्हणून निघाले.