आखूड लि

मिल बंद पडली आणि दिवाकर टोकेकर इंग्रजी शिकायला बसले. सत्तावीस वर्षं मागावर काढलेला माणूस. आता पीथमपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत द्यायची होती. शेजारची पद्मजा कॉलेजात इंग्रजी शिकवायची. दुपारी ती कॅसेट लावी आणि काका त्या आवाजाच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाच्या अंतराने, सावलीसारखे बोलत जात. ‘सुपरवायझर’मध्ये पहिल्या ‘सू’वर जोर, बाकीची अक्षरं हलकी, हे त्यांना चटकन जमलं. मागाचा ठोकाही असाच एका जागी जड पडायचा. डोळे मिटले की कॅसेटच्या मागे कुठेतरी माग चालू आहेत असं वाटे.

घोडं अडलं ते ‘मी इथे राहतो’ या साध्या वाक्यावर.

“आय लीव्ह हिअर.”

“काका, खींचू नका ना. लांब ‘ली’ केली की ‘मी इथून जातो’ असं होतं. जीभ ढीली सोडा, छोटं म्हणा. लिव्ह.”

काकांनी खिशातून सुताचा धागा काढला. लांब ‘ली’ला तो ताणला, आखूड ‘लि’ला सैल सोडला. दहाव्या खेपेला जमलं.

मग ते उठून खिडकीशी गेले. खिडकीतून मिलची धूर नसलेली चिमणी दिसत होती. मिलच्या चाळीत साहेब आले की दर वेळी काका छाती फुगवून हेच वाक्य, लांब ‘ली’चं, त्यांना ऐकवत.

“सत्तावीस वर्षं मी जातो, जातो म्हणत राहिलो,” ते म्हणाले. “शेवटी कंटाळून मिलच गेली बिचारी.”