हिवरखेडच्या बावीस बाटल्या

पंचफुला बी.एस्सी. झाली तेव्हा अकोल्याच्या त्या वस्तीत सुंदराबाईने घरोघरी साखर वाटली. अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन पास झालेली वस्तीतली पहिली मुलगी. बाप बुधाजी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. त्याला प्राणिशास्त्र म्हणजे काय ते कळत नव्हते, पण मुलगी आता शाळेत बाई होणार एवढे पक्के कळत होते. सुंदराबाईलाही तेच कळत होते. पांढरे पातळ, हातात छत्री, रस्त्यात पोरांनी 'बाई नमस्ते' म्हणायचे. या चित्रावर तिने चार वर्षे काढली होती.

पण पंचफुलाने शाळेचा अर्जच भरला नाही.

"कावून व?" सुंदराबाई म्हणाली. "मास्तरीण व्हाले काय झालं?"

"काही नाही झालं, माय. पण मले दुसरं काम भेटलं. मुंबईच्या औषध कंपनीनं जंताचं नवं औषध काढलं आहे. ते लोकायले लागू पडते का नाही हे पाहाचं आहे. आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरायकडे ते काम आलं. दोन बी.एस्सी. पाहिजेत, एक मी आन् एक अचलपूरचा देवीदास. सहा महिन्यांनी दोघांतून एकाले कंपनी कायम करनार. नागपूरले हापीस हाय तिचं."

सुंदराबाईला 'कंपनी' आणि 'नागपूर' हे दोन शब्द आवडले. बाकीचे तिने ऐकले नाही. ऐकले ते पंधरा दिवसांनी, मुलीच्या पिशवीत रुंद तोंडाच्या छोट्या बाटल्या पाहिल्या तेव्हा.

काम असे होते. हिवरखेडला माळ्यांची वाडी होती. भाजीच्या ओल्या वाफ्यांत अनवाणी उभे राहून तिथली माणसे पिवळी पडली होती. एक जंत पायाच्या कातडीतून शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पीत राहतो. तो पोटात आहे की नाही हे शौचातली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच कळते. म्हणून पंचफुला संध्याकाळी घरोघरी बाटली आणि एक काडी देई. बाटलीत नमुना टिकवायचे तिखट वासाचे औषधपाणी घातलेले असे. सकाळी ती बाटल्या गोळा करी. आधी एकदा, मग औषधाची पुडी दिल्यावर एकविसाव्या दिवशी पुन्हा. अर्ध्या लोकांना नवे औषध, अर्ध्यांना जुने. कोणाला कोणते, हे पुड्यांवरच्या आकड्यांवरून तिलाही कळत नसे, डॉक्टरांनाही नाही. ती यादी मुंबईला बंद पाकिटात होती. ज्याच्या त्याच्या कार्डावर अंड्यांचा आकडा चढवायचा, बस.

सुंदराबाईने हे ऐकले आणि तिचा चेहरा पडला.

"लोकायचं परसाकडचं उचलतं तू?"

"नमुना घेतो, माय."

"तुह्या आज्यानं मेलेली ढोरं वढली. छप्पन साली आमी नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, ते याच्यासाठी? कॉलेजात चार वर्स घातली ते लोकाचा गू बाटलीत भराले?"

पंचफुला हसली नाही, रागावलीही नाही. "आज्याले वढा लागे," ती म्हणाली. "मले नाही लागत. मीच म्हनून राहिली की करतो."

हा फरक सुंदराबाईला त्या दिवशी पटला नाही. शेजारची पार्बताबाई विचारी, "काय करते व पोरगी तुही?" तेव्हा ती सांगे, "डॉक्टरच्या हापिसात कागदं लिहिते." पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. पुढे सवय झाली.

ते दिवाळीनंतरचे दिवस होते, सन चौसष्टचे. शनिवारी हिवरखेडचा एकविसावा दिवस होता. पंचफुला बावीस बाटल्या घेऊन एस.टी.ने अकोल्याला पोचली तोवर दवाखान्याला कुलूप लागले होते. रविवारी तर तो बंदच. तिने बाटल्यांचे खोके घरी आणून कोपऱ्यात, धान्याच्या कोठीमागे ठेवले. "सोमवारी नेतो. हात नको लावजो," एवढे सांगून रविवारी सकाळी ती विहारात मुलींचा वर्ग घ्यायला गेली.

त्याच रविवारी अमरावतीहून चंद्रभान, पोस्टातले कारकून, आपल्या मुलासाठी पंचफुलाला पाहायला येणार होते.

सुंदराबाईने घर सारवले, सतरंजी झटकली, आणि कोठीमागचे खोके तिच्या डोळ्यांत सलू लागले. झाकण होते, वरून फडके होते. तरी त्या औषधपाण्याचा वास तिला सगळ्या घरात येऊ लागला. पाहुणे म्हणतील, हे काय? पाहुणीण कोठीमागे डोकावली तर? पार्बताबाईच्या घरी ठेवावे तर काय सांगून ठेवायचे? कागद म्हणून?

तिने खोके मागल्या दारी नेले. कुदळीने खड्डा केला. एकेक बूच काढून बाटली उलटी केली, वासाने डोळ्यांना पाणी आले, वर माती ओढली. मग राखेने बाटल्या घासल्या. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या भिजून निघाल्या, त्या तिने चुलीत टाकल्या. बावीस स्वच्छ बाटल्या उन्हात पालथ्या घातल्या तेव्हा तिला, खरे सांगायचे तर, बरे वाटले. पोरीच्या उपयोगाच्या बाटल्या तर राहिल्या होत्या.

पाहुणे आले. चहा झाला. चंद्रभाननी विचारले, "पोरगी काय काम करते म्हनता?"

"कागदं लिहिते. डॉक्टरच्या हापिसात."

तेवढ्यात पंचफुला दारातून आत आली. नमस्कार केला, आणि तिची नजर कोठीमागे गेली.

"माय, खोकं कुठी आहे?"

"कोनतं खोकं? बस न तू."

"बाटल्यायचं. हिवरखेडचं."

मग तिला मागल्या दारातून उन्हातली रांग दिसली. ती तिथपर्यंत गेली, एक बाटली उचलली, उजेडात धरली. बाटली हातात घेऊनच ती परत आली.

"कायच्या बाटल्या होत्या?" चंद्रभानच्या बायकोने विचारले.

"हिवरखेडच्या लोकांच्या शौचाचे नमुने," पंचफुला शांतपणे म्हणाली. "जंताची अंडी मोजाले आनले होते. ते माहं काम आहे."

पाहुणीणबाईंनी कप खाली ठेवला. चंद्रभान उठले. जाताना दाराशी ते बुधाजीला म्हणाले, "पोरगी कोनतंबी काम करो, बाप्पा. आमचं काही म्हननं नाही. पन तुमी कागदं म्हनाले होते." आणि जोडे घातले.

सोमवारी सुंदराबाई मुलीबरोबर दवाखान्यात गेली. कोणी बोलावले नव्हते. पंचफुला रात्रीपासून तिच्याकडे बघतही नव्हती आणि सुंदराबाईला तिला एकटीला सोडवेना.

डॉक्टर यायचे होते. व्हरांड्यात देवीदास आपली कार्डे लावत बसला होता. त्याची सगळी पुरी होती. झालेले ऐकून त्याने चुकचुक केली. पोरगा मनाने वाईट नव्हता. आवाज खाली करून म्हणाला, "हे पाय पंचफुला. माह्या गावांत दहातले आठ जन साफ निघाले. तुह्यातही तसेच निघतीन. बावीस रकाने भरून टाक. कोन खोदून पाहाले येते? रिकामी कार्डं पाठोशीन तर नागपूर गेलंच समज."

सुंदराबाईने ते ऐकले आणि तिच्या छातीवरचे ओझे एकदम उतरले. वाट होती तर! "लिही न व माय," ती घाईने म्हणाली. "तो म्हन्ते तसं लिहून टाक. मी कोनाले सांगत नाही."

पंचफुलाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले.

"काय लिहू? कोनत्या पुडीत नवं औषध होतं हेच मले माहीत नाही. मी साफ म्हनून लिहीन, आन् ते औषध खोटं असंन, तर माह्या आकड्यावर ते गावोगावी विकतीन. हिवरखेडची बाई पैसे देऊन घेईन आन् तिच्या पोटातले जंत तसेच राहातीन. तवा काय सांगू तिले? माह्या मायनं बाटल्या घासल्या म्हनून?"

सुंदराबाईची मान खाली गेली. बाटल्या फेकल्या तेव्हा तिला कळत नव्हते. आत्ता 'लिही' म्हणाली ते कळून म्हणाली होती. पुढे वर्षानुवर्षे तिला खड्ड्यापेक्षा तो व्हरांडा आठवे.

डॉक्टर आले. पंचफुलाने तोंड उघडायच्या आत सुंदराबाई पुढे झाली. "साहेब, मी फेकल्या. पावने येनार होते. मले लाज वाटली."

डॉक्टर रागावले, पण तिच्यावर नाही, मुलीवर. नमुने घरी नेलेच का, डॉक्टरांच्या घरी जाऊन किल्ली का मागितली नाही, म्हणून. मग म्हणाले, "आता दोनच गोष्टी. एक, कार्डावर खरं कारण लिही: नमुना कार्यकर्तीच्या घरी नष्ट झाला. दुसरं, उद्या जाऊन पुन्हा बाटल्या दे आणि परवा सकाळी घे. पंचविसावा दिवस होईल, मुदतीबाहेरचा. 'उशिरा' म्हणून तारखेसकट नोंद कर. धरायचं की वगळायचं ते मुंबईवाले ठरवतील."

मंगळवारी मायलेकी हिवरखेडला उतरल्या. खोके सुंदराबाईच्या डोक्यावर होते. मुलीने घेऊ का विचारले. तिने दिले नाही.

पहिल्याच घरी सत्यभामा माळीण वांग्याच्या टोपल्या भरत होती. बाटली पाहून तिने कमरेवर हात ठेवले. "आता काय व? शनवारी देली न एक. रोज रोज काय तमाशा लावला? आमचं काय लोनचं घालता काय?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. पंचफुला काही बोलणार तोच सुंदराबाईने खोके उतरवले.

"तू देली होती, बाई. मी फेकून देली."

"तू कोन?"

"इची माय. घरी पावने आले होते. पोरगी हे काम करते म्हनून मले लाज वाटे. लोकायले खोटं सांगत होती मी. गाडलं सारं आन् बाटल्या घासून ठेवल्या. इची चूक नाही."

हसणे थांबले. सत्यभामेने तिला वरून खालपर्यंत न्याहाळले. "देनाऱ्या आमी," ती म्हणाली, "आमाले नाही लाज वाटली का, त्या काडीनं भरताना? तुया पोरीनं शंभरदा समजावून सांगतलं तवा देली. आन् तू गाडून आली."

सुंदराबाई खोक्याशी तशीच उभी राहिली. मग सत्यभामेने हात पुढे केला. "आन इकडे."

हेच प्रत्येक दारी सांगावे लागले. बुधवारी सकाळी वीस बाटल्या परत आल्या. एक म्हातारा लेकीकडे तेल्हाऱ्याला गेला होता. एका बाईने दार लावून घेतले. ती दोन कार्डे रिकामी राहिली, कारणासकट.

माघात नागपूरचे पत्र आले. जागा देवीदासला मिळाली. मुंबईवाल्यांनी हिवरखेडचे वीस आकडे मुख्य हिशेबातून वगळून अहवालाच्या शेवटी वेगळ्या तक्त्यात ठेवले होते. पंचफुलाने पत्र वाचून घडी घातली. डॉक्टरांनी दुसऱ्या एका कंपनीच्या रक्तवाढीच्या गोळीच्या तपासणीसाठी तिचे नाव कळवले होते. ते काम चार महिन्यांचेच होते आणि त्यात कायम करायचे बोलणे नव्हते. ती म्हणाली, जातो.

पार्बताबाईने पत्राचे ऐकले आणि भिंतीवरून विचारले, "काय व, कागदं लिहाचं काम सुटलं वाटते पोरीचं?"

सुंदराबाई धुणे पिळत होती. तिने पातळ दोरीवर टाकले.

"कागदं नव्हती ती," ती म्हणाली. "लोकायच्या शौचात जंताची अंडी मोजे ती. मी तुले खोटं सांगतलं होतं."

पार्बताबाईच्या तोंडाकडे तिला बघवले नाही. ती खाली वाकली आणि दुसरे पातळ पिळू लागली.