छप्पन्न तासांची सुट्टी

आमच्या बाटल्यांच्या कारखान्यातली भट्टी नऊ वर्षांत एकदाही विझलेली नाही. विझवली तर आतली काच थिजते आणि भट्टीच फोडून काढावी लागते. म्हणून माणसं तीन पाळ्यांत राबतात, आणि कोणी कधी राबायचं हे चार्टकाका ठरवायचे. मी टाइम ऑफिसात त्यांच्या हाताखाली होते. त्यांचं टेबल खिडकीपाशी आणि माझं फाइलींच्या कपाटाआड. त्याबद्दल मी पहिली दोन वर्षं त्यांच्या नावाने बोटं मोडली.

माणूस वाळकुडा, बोलणं कमी. तरुणपणी ते स्वतः अकरा वर्षं बाटल्या सरकतात त्या पट्ट्यावर कामाला होते. रात्रपाळीत पेंगतो म्हणून त्यांना उचलून ऑफिसात टाकलं. ते हे कोणापासून लपवायचे नाहीत, पण सांगताना नजर टेबलावर असायची. इकडे आल्यावर त्यांनी पाळ्यांचा चार्ट नव्याने बसवला. आठवडाभर रात्र, मग आठवडाभर दुपार, मग सकाळ, की पुन्हा रात्र. त्यात खुबी अशी की सकाळचा आठवडा शनिवारी दुपारी दोनला संपायचा आणि रात्रीचा सोमवारी दहाला सुरू व्हायचा. मधे सलग छप्पन्न तास घरी. कामगार या सुट्टीला ‘छप्पन्नी’ म्हणत आणि काकांना डोक्यावर घेत. वीस वर्षं त्या एका गोष्टीवर काकांची मान ताठ होती.

मग घारीचं प्रकरण झालं. घार म्हणजे तपासणीवरच्या बाई. उजळ पडद्यासमोरून बाटल्या सरकत जातात आणि केसाएवढी चीर दिसली तरी ती बाटली उचलायची, हे त्यांचं काम. नजर अशी की दुसऱ्यांच्या हातून सुटलेली बाटली त्या लांबून दाखवायच्या, म्हणून हे नाव पडलं. औषध कंपनीकडून एक खेप परत आली. तडकलेल्या बाटल्या, आणि खोक्यांवरचा शिक्का मंगळवारी पहाटे चार ते पाचचा. त्या वेळी पडद्यासमोर घारच होत्या. त्यांना घरी बसवलं आणि चौकशी लावली. नवरा आजारी, मुलगा अजून शिकतोय, घर त्यांच्या पगारावर चाललेलं. नोकरी जाणार हे सगळे धरूनच चालले होते.

“झोपले नव्हते हो,” त्या ऑफिसात येऊन सांगत होत्या. “डोळे उघडे होते. बाटल्या दिसत होत्या. पण दिसून काही उपयोग होत नव्हता.”

दुसऱ्या दिवशी काका कारखान्यात आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरबाईंकडे रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेले, आणि जाताना चार्टची गुंडाळी काखेत मारली. सोबत मलाही घेतलं. काकांनी घारींची हकिकत सांगितली. डॉक्टरबाईंनी चार्ट बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काका, हे उलटं फिरतंय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा पुंजका असतो. ते शरीराचं घड्याळ. उजेड पाहून ते रोज वेळ जुळवून घेतं. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्यावर मेंदूतली एक ग्रंथी मेलाटोनिन सोडते, म्हणजे रात्र झाल्याची दवंडीच. पहाटे चार-पाचच्या सुमाराला अंगाचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि सावधपणाही.

“रात्रपाळी करून माणूस घरी निघतो तेव्हा ऊन डोळ्यांत जातं,” त्या म्हणाल्या. “घड्याळाला वाटतं, दिवस उगवला. मग पडदे ओढा नाहीतर कानात कापूस घाला, चार-पाच तासांवर झोप होत नाही. शिवाय बहुतेकांचं हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं. त्यामुळे उशिरा झोपायची सवय लावणं त्यातल्या त्यात सोपं, लवकर झोपायची अवघड. सकाळ, मग दुपार, मग रात्र असं फिरवलं तर शरीर थोडं तरी ऐकतं. तुमचा चार्ट त्याला दर आठवड्याला मागे ओढतो.”

“आणि छप्पन्नी?” काकांनी विचारलं.

“ती बाई आठवडाभर पहाटे साडेचारला उठत होती. सोमवारी सकाळीही लवकरच उठली असणार. दुपारी आडवी झाली तरी डोळ्याला डोळा लागला नसेल, कारण घड्याळ म्हणत होतं की दिवस आहे. मंगळवारी पहाटे तिला जागून बावीस-तेवीस तास झाले असतील. सुट्टी मोठी होती, पण चुकीच्या ठिकाणी. दोन दिवस रात्रपाळी संपल्यावर द्यायला हवेत.”

काका परत आले ते थेट जुन्या तक्रारींच्या वहीपाशी बसले. टेबलावरचा चहा तसाच राहिला. मला त्यांचा राग आला, कारण घरी जायची वेळ झाली होती आणि ते मला तारखा वाचायला लावत होते. तीन वर्षांत रात्रपाळीच्या चौदा तक्रारी. त्यातल्या अकरा छप्पन्नीनंतरच्या पहिल्या दोन रात्रींतल्या. माणूस एकच नव्हे, सहा. अकरावी तारीख वाचली तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना.

चौकशी पुढच्या दिवशी दुपारी तीनला होती. काकांनी डॉक्टरबाईंनाही बोलावून घेतलं होतं. मॅनेजरसाहेब म्हणाले, “समोर एवढा लख्ख पडदा! त्या उजेडात झोप येईलच कशी?”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “उजेडाने मेलाटोनिन कमी होतं, पण झोपेचं ओझं उतरत नाही. आणि घड्याळातली पहाट काही टळत नाही.”

मग काका उठले. “साहेब, या बाईंच्या जागी मी असतो तरी हेच झालं असतं. चूक चार्टची आहे. चार्ट माझा आहे. शिक्षा करायची तर मला करा.”

घारींना ताकीद देऊन कामावर घेतलं. काकांना कोणी शिक्षा केली नाही, फक्त चार्ट बदलला. पाळ्या सरळ फिरू लागल्या, पडद्यासमोर दर अर्ध्या तासाने माणूस बदलू लागला, रात्री वीस मिनिटं आडवं व्हायची परवानगी मिळाली. छप्पन्नी गेली. रात्रपाळीनंतरचे दोन दिवस झोपेतच जातात, ती काय सुट्टी, असं म्हणत कामगारांनी काकांच्या नावाने खडे फोडले. दारातून आत बघून नमस्कार करणारे आता सरळ निघून जाऊ लागले. मला वाटलं, निदान घार तरी आभार मानायला येतील.

त्या आल्या, पण बसल्या नाहीत.

“काका, मुलगा लहान असताना रात्रपाळी करून आले की तो खेळायचा, आवाज करायचा. मी उठून मारायचे त्याला. एकदा ओठ फुटला त्याचा. मग वाटायचं, मी आईच वाईट. बाकीच्या बायकांना जमतं, मलाच झोप येत नाही, मलाच राग येतो. वीस वर्षं मी स्वतःला दोष दिला. हे तुम्हाला आधी कळायला काय झालं होतं?”

मला वाटलं, त्यांना थांबवावं. काकांनी नोकरी वाचवली होती, म्हातारपणी नाव घालवून. पण काकांनी मान डोलावली, जणू ते याच प्रश्नाची वाट बघत होते.

“मला पट्ट्यावरून काढलं, तेव्हा सगळे म्हणाले, हा आळशी,” ते म्हणाले. “मी ते खरं मानलं. शरीर असं का वागतं, हे मी कोणाला विचारलंच नाही.”

घार खुर्ची ओढून बसल्या, आणि दोघंही थकलेली माणसं समोरासमोर बसून राहिली. मी माझं काम करत राहिले.