मोबाइलवर जुळवलेला फिल्टर

“ही पोर बहिरी हाय, का माजं काळीजच वाजत नाय गो?”

पडद्याआड टेबलावर झोपलेली आजी हळूच सुनेला विचारत होती. कुडपणहून दोघी सकाळच्या एसटीने पोलादपूरच्या दवाखान्यात आल्या होत्या. मी आजीच्या छातीवर आमच्या स्टेथोस्कोपचं तोंड धरून उभी होते, आणि कानातल्या हेडफोनमध्ये नुसती खरखर होती. पाचवा पेशंट, पाचव्यांदा तेच.

बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाचा आमचा प्रोजेक्ट. साध्या स्टेथोस्कोपच्या तोंडात छोटा माइक, पुढे आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, त्यापुढे नको ते आवाज अडवणारा फिल्टर, मग हेडफोन. ॲम्प्लिफायर माझ्या पार्टनरने केला होता, फिल्टर मी. परवा परीक्षक येणार होते आणि त्यांना दाखवायला खऱ्या माणसांची रेकॉर्डिंग हवी होती. मी महाडची, आणि पोलादपूरच्या डॉक्टरबाई आईच्या ओळखीच्या. त्यांनी आम्हाला एक सकाळ दिली होती.

पडद्यापलीकडे पार्टनर फोनवर गाइड सरांशी बोलत होता. “हो सर... ॲम्प्लिफायरचा गेन वाढवला, सर. खरखरच वाढते.” फोन ठेवून तो म्हणाला, “सर म्हणतात, ॲम्प्लिफायरच्या भागाचे मार्क विसर.” त्याचा चेहरा उतरला होता. मी हेडफोनची पिन काढून पुन्हा घातली. कमी बोलायची मला सवयच होती. शाळा इंग्रजी माध्यमाची; आजींशी बोलायचं म्हटलं की माझं मराठी एकदम निबंधासारखं व्हायचं.

सर्किट जिवंत आहे ना, हे बघायला त्याने मोबाइलवर हृदयाच्या ठोक्यांचं रेकॉर्डिंग लावलं आणि माइक स्पीकरवर टेकवला. हेडफोनमध्ये स्वच्छ, खणखणीत ठोके. हॉस्टेलवरही आम्ही असंच तपासायचो.

डॉक्टरबाईंनी हेडफोन घेतले आणि हसल्या. “हे काय रे, पत्र्याच्या डब्यावर टिचक्या मारताय? हृदय असं वाजत नाही. खरा आवाज जाड असतो, खालचा.” मग स्वतःचा स्टेथोस्कोप आजीला लावला. “आजी, घोड्यासारख्या ठणठणीत आहात तुम्ही. व्यवस्थित वाजतंय.”

“मंग हिलाच ऐकू येत नाय,” आजी म्हणाली. सून तोंडाला पदर लावून हसली.

मी मात्र ‘खालचा’ या शब्दापाशी थांबले होते. हृदयाचे आवाज बहुतेक दीडशे हर्ट्झच्या खालीच असतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आणि हॉस्टेलवर विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण जावी म्हणून खालचे आवाज अडवणाऱ्या फिल्टरची मर्यादा मीच वर वर नेली होती, एकशे साठपर्यंत. गुणगुण गेली, मोबाइलवरचे ठोके तसेच राहिले, म्हणून मी खूश. मोबाइलचा एवढासा स्पीकर खालचे आवाज काढतच नाही. तिथे अडवण्यासारखं काही नव्हतंच. छातीतून जे येत होतं ते सगळं माझा फिल्टर अडवत होता. वर गेन वाढवून आम्ही फक्त खरखर मोठी करत होतो.

पार्टनर पाणी प्यायला बाहेर गेला. सर्किट अजून ब्रेडबोर्डवरच, म्हणजे नुसते भाग खोचायच्या पाटीवर होतं, डाग द्यायचा प्रश्न नव्हता. फिल्टरची मर्यादा ठरवणारे शून्य पूर्णांक एक मायक्रोफॅरडचे दोन्ही कपॅसिटर मी उपटले आणि एक मायक्रोफॅरडचे खोचले. दहापट मोठा कपॅसिटर, म्हणजे मर्यादा दहापट खाली, सोळा हर्ट्झ. आता गुणगुण परत येणार होती, म्हणून रेकॉर्डिंगसाठी जोडलेल्या लॅपटॉपचा चार्जर काढून टाकला; आमचं सर्किट बॅटरीवरच होतं. गेन पुन्हा खाली आणला.

आजीच्या छातीवर तोंड ठेवलं. आधी काहीच नाही. मग कानात, अगदी आतून, लब्‌-डब्‌. पुन्हा लब्‌-डब्‌. माझे खांदे किती वेळ आखडलेले होते ते सैल पडल्यावर कळलं.

हेडफोन आजीच्या कानाला लावले. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली. “अगो, काळीज तर जात्यावानी चाललंय!”

पार्टनर धावत आला, ऐकलं, आणि लगेच सरांना फोन लावला. स्पीकरवर. “सर, आलं! स्पष्ट आलं!”

“शाब्बास. काय चुकलं होतं?”

“माझ्याच ॲम्प्लिफायरमध्ये एखादी वायर सैल असणार, सर. सॉरी.”

तो इतका आनंदात होता की दोष घ्यायलाही त्याला काही वाटत नव्हतं. डॉक्टरबाई पुढच्या पेशंटला हाक मारत होत्या. मी गप्प राहिले असते तरी कोणी काही विचारलं नसतं. मी फोन त्याच्या हातातून घेतला.

“सर, ॲम्प्लिफायर पहिल्यापासून बरोबर होता. चूक माझ्या फिल्टरमध्ये होती. मी तो माणसाच्या छातीवर नाही, मोबाइलवर जुळवला होता.”